एका बुटावर तीन सह्या

रत्नागिरीहून एका ताईंनी मला बुटांचे चार फोटो पाठवले. खाली लिहिलं होतं, "दादा, आमच्या बाबांचे गुडइयरचे बूट आहेत. तळ बदलून मिळेल का? आणि ही कंपनी अजून बूट काढते का?" बाबा बोटीवर नोकरीला होते. ते गेल्यानंतर ट्रंक आवरताना वर्तमानपत्रात गुंडाळलेला हा तपकिरी जोड निघाला. टाचेच्या रबरावर गुडइयर असं ठसठशीत नाव होतं, म्हणून घरात सगळे त्याला गुडइयरचे बूट म्हणू लागले.

बूट गुडइयरचे नव्हते. पण तसं वाटणं अगदी साहजिक होतं. आपण कुठल्याही वस्तूवर नाव शोधतो आणि जे सगळ्यात ठळक दिसतं तेच बनवणाऱ्याचं नाव धरतो. डबा असो की पंखा, बहुतेक वेळा ते बरोबरही निघतं. चामड्याच्या बुटाचं तसं नाही. एका बुटावर तीन निरनिराळ्या लोकांच्या सह्या असू शकतात. तळावर तळ बनवणाऱ्याची, आतल्या गादीवर बहुधा ब्रँडची किंवा विकणाऱ्या दुकानाची, आणि अस्तरावर, कुणी सहसा पाहत नाही अशा जागी, कारखान्याची. फोटोवरून बूट ओळखायचा म्हणजे कुठली सही कुणाची आहे हे आधी ठरवायचं. मी दुरुस्तीचं काम करतो. तळ बदलायचा तर मूळ बांधणी कुणाची आणि कशी आहे हे कळावं लागतं, म्हणून हे वाचन मला रोजच करावं लागतं.

सुरुवात तळापासून करू, कारण लोक फोटो तळाचाच पाठवतात. बूट उलटा धरला की टाच आणि पुढचा रुंद भाग यांच्यामध्ये एक अरुंद भाग दिसतो. त्याला आम्ही कंबर म्हणतो. चालताना हा भाग जमिनीला जवळजवळ टेकत नाही, त्यामुळे पुढचा तळ झिजून कागदासारखा झाला तरी कंबरेवरची अक्षरं शाबूत राहतात. ठसा मारणाऱ्यांनाही हे ठाऊक असल्यामुळे नावं बहुतेक तिथेच सापडतात. टाचेचं रबर मात्र वेगळी वस्तू आहे. ते वर्षा-दोन वर्षांत झिजतं आणि नाक्यावरच्या दुकानात बदललं जातं. म्हणजे टाचेवरचं नाव हे बहुतेक वेळा शेवटच्या दुरुस्तीचं नाव असतं. ताईंच्या फोटोत ते लगेच ओळखू आलं. टाचेचं रबर काळं आणि कडा धारदार होत्या, तर शेजारचा चामडी तळ घासून तपकिरी-करडा झालेला होता. दोन्ही एका वयाचे नव्हते.

गुडइयर या नावाची गंमत दुहेरी आहे, त्यामुळे फसगतही दुहेरी होते. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाने १८३९ मध्ये रबर गंधकासोबत तापवून पक्कं करण्याची रीत शोधली. तो १८६० मध्ये वारला. टायरची कंपनी निघाली १८९८ मध्ये. त्याच्या घराण्याशी तिचा काही संबंध नव्हता, फक्त सन्मान म्हणून नाव घेतलं. या कंपनीने टायरबरोबर बुटांच्या टाचा आणि तळही विकले, म्हणून टाचेवर तिचं नाव सापडतं. दुसरीकडे, त्याच चार्ल्सचा मुलगा, चार्ल्स गुडइयर धाकटा, याने १८७० च्या दशकाच्या सुमारास बुटाच्या वरच्या भागाला एक चामडी पट्टी शिवून तळ त्या पट्टीला जोडणाऱ्या यंत्राचं काम पुढे आणलं. ही पट्टी म्हणजे वेल्ट आणि ती शिवण म्हणजे गुडइयर वेल्ट. आजही चांगल्या फॉर्मल बुटांच्या तळावर 'गुडइयर वेल्टेड' असं छापलेलं असतं. ते शिवणीच्या पद्धतीचं नाव आहे, कंपनीचं नाही. शर्टावर 'शुद्ध सुती' लिहिलं म्हणून कुणी सुती नावाची कंपनी शोधत नाही, तसंच हे.

सुरुवातीच्या काळात माझीही अशी चूक झाली आहे. एका गिऱ्हाइकाच्या काळ्या बुटाच्या रबरी तळावर डायनाइट असं नाव होतं. मी बेधडक सांगितलं, "हे डायनाइटचे बूट." ते बिचारे दोन महिने तसे बूट शोधत राहिले. डायनाइट हा इंग्लंडमधल्या मार्केट हार्बरो गावच्या रबर कारखान्याचा तळ आहे. त्यावर नाण्यांसारखी गोल बुटणं बसवलेली असतात, आणि कित्येक वेगवेगळ्या ब्रँडचे बूट तो लावून घेतात. व्हिब्रामचंही तसंच. व्हिताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाच्या नावाची आद्याक्षरं जोडून ते नाव झालं, आणि १९३७ पासून त्याचा खाचांचा रबरी तळ जगभरातल्या बुटांना लागतो. पिवळा अष्टकोनी बिल्ला दिसला की एवढंच समजावं की तळ व्हिब्रामचा आहे. बूट कुणाचा, हा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

आणखी एक ठसा लोकांना फार चकवतो, 'व्हेरो कुओयो'. जुन्या वस्तूंच्या विक्रीत हे नाव मी ब्रँड म्हणून लिहिलेलं कितीदा तरी पाहिलंय. इटालियन भाषेत त्याचा अर्थ फक्त 'खरं चामडं' असा होतो. शेजारी फाडून पसरलेल्या कातड्याची आकृती असते, तीही चामड्याचीच खूण. युरोपात १९९४ च्या एका निर्देशापासून बुटाचा वरचा भाग, अस्तर आणि तळ कशाचे आहेत हे खुणांनी दाखवावं लागतं. पसरलेल्या कातड्याची आकृती म्हणजे चामडं, विणलेली जाळी म्हणजे कापड, साधा चौकट म्हणजे इतर काही. त्या भागातला किमान ८० टक्के माल ज्या प्रकारचा, त्याची खूण. या आकृत्यांवरून इतकं कळतं की बूट युरोपच्या बाजारासाठी बनला. बनवणारा त्यातून कळत नाही.

रबरी किंवा पीयूच्या साच्यातल्या तळांची गोष्ट आणखी सरळ आहे. त्यावरची अक्षरं दाबलेली नसून उठलेली असतात, कारण ती साच्यातच कोरलेली असतात. तिथे मापाचा आकडा, मालाची आद्याक्षरं आणि साच्याचा नंबर सापडतो. कधी घड्याळाच्या तबकडीसारखं छोटं वर्तुळ असतं. मध्ये वर्षाचे आकडे, कडेला १ ते १२ महिने आणि महिन्याकडे रोखलेला बाण. त्यावरून तो तळ साच्यातून कधी निघाला ते कळतं, आणि त्याआधी तो बूट बनला नाही एवढं नक्की धरता येतं. पण साच्यातले तळ तयार मालासारखे विकत मिळतात. आग्र्याच्या बाजारात एकाच साच्याचा तळ दहा वेगवेगळ्या नावांच्या बुटांखाली सहज दिसेल. म्हणून तळाची नक्षी जुळली, की ब्रँड जुळला, असं मी कधी म्हणत नाही.

ताईंना मी लिहिलं, "टाच विसरा. बुटाच्या आत, टाचेखालच्या गादीवर काही छापलेलं आहे का?" उत्तर आलं, "काही नाही, सगळं पुसलंय." सोबतच्या फोटोत खरंच फक्त काळपट, चकचकीत चामडं होतं. पण 'पुसलंय' याचे दोन अर्थ होतात आणि त्यातला कुठला ते ठरवणं फार महत्त्वाचं आहे.

आतल्या गादीवरचं नाव मुख्यतः दोन रितींनी उमटवतात. एकीत पितळेचा ठसा तापवून सोनेरी किंवा रुपेरी पन्नीवरून चामड्यावर दाबतात. पन्नीचा मुलामा चामड्याला चिकटतो आणि ठसा चामड्यात खोलगट बसतो. दुसऱ्या रितीत शाई नुसती वरून छापतात, दाब जवळजवळ नसतोच. घामाने आणि मोज्याच्या घर्षणाने दोन्ही उडतात. पण पहिल्या प्रकारात सोनं गेलं तरी खोलगट जागा राहते, दुसऱ्यात शाई गेली की काहीच उरत नाही. जुन्या चांगल्या फॉर्मल बुटांत बहुधा पहिली रीत असते, म्हणून आशा सोडायची नसते.

खोलगट अक्षर डोळ्यांना दिसत नाही, कारण आपण बूट उजेडात समोरून पाहतो आणि मोबाइलचा फ्लॅशही समोरूनच पडतो. समोरचा उजेड खळग्यातही तितकाच पोचतो, सावली पडत नाही आणि अक्षर सपाट होऊन जातं. शेतातली सऱ्यांची नांगरट भर दुपारी दिसत नाही, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात मात्र ओळ न् ओळ उठून येते. तेच इथे करायचं. फ्लॅश बंद, खोलीत अंधार, आणि दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च बुटाच्या तोंडाशी जवळजवळ आडवा धरायचा, गादीला घासून उजेड जाईल असा. एक फोटो डावीकडून उजेड टाकून, एक उजवीकडून आणि एक टाचेकडून. तिन्ही लागतात, कारण उभ्या रेघेची सावली बाजूच्या उजेडात पडते आणि आडव्या रेघेची पुढच्या-मागच्या उजेडात. एकाच फोटोवर विसंबलं तर ई हे अक्षर आय किंवा एल वाटतं.

दुसरी काळजी पाठवण्याची. निरोपाच्या ॲपवरून नेहमीसारखा फोटो पाठवला की तो आकसतो आणि नेमकी बारीक सावलीच नाहीशी होते. म्हणून फोटो कागदपत्रासारखा, म्हणजे डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगतो. सेल्फीच्या कॅमेऱ्याने काढायचा नाही, तो कधी उलटी प्रतिमा जपून ठेवतो आणि मग अर्धी अक्षरं उलटी वाचण्यात वेळ जातो. आणि गादी ओल्या फडक्याने पुसायची नाही. लोक प्रेमाने तेवढंच आधी करतात. ओलाव्याने चामडं फुगतं, खळगा भरून येतो आणि उरलेलं सोनंही निघतं. कोरडा मऊ ब्रश पुरे. कंबरेवरच्या ठशासाठी मात्र एक जुनी युक्ती चालते. चिमूटभर टाल्कम पावडर बोटाने चोळायची आणि वरची फुंकून टाकायची. खळग्यात पांढरं बसतं आणि काळ्या तळावर अक्षरं उमटतात.

दुसऱ्या दिवशी रात्री ताईंचे नवे फोटो आले. त्यांचा मुलगा टॉर्च धरून बसला होता म्हणे. गादीच्या डाव्या बाजूला टाच घासून चामडं गुळगुळीत झालं होतं, तिथे काहीच नव्हतं. उजव्या बाजूला तीन ओळींचे तुकडे दिसत होते. पहिल्या ओळीच्या शेवटी वर टांगलेला स्वल्पविराम आणि एस. दुसऱ्या ओळीत 'ग्रेड' हा पाच अक्षरी इंग्रजी शब्द पूर्ण. तिसऱ्या, बारीक ओळीत यॉर्क.

इथे अंदाज बांधायची घाई होते आणि तीच टाळायची असते. मी एक साधी गोष्ट करतो. गादीवरचा मजकूर जवळजवळ नेहमी मधोमध जुळवलेला असतो. गादीच्या टाचेकडच्या गोलाईचा मध्य काढायचा, तिथून पंजाकडे सरळ रेघ ओढायची आणि उरलेला तुकडा त्या रेघेपासून उजवीकडे किती पसरला आहे ते मोजायचं. डावीकडेही मजकूर तितकाच पसरलेला असणार. दुसऱ्या ओळीत 'ग्रेड'ची पाच अक्षरं बरोबर रेघेपासून सुरू होऊन उजवीकडे जात होती. म्हणजे डावीकडे पाच-सहा अक्षरांचा एक शब्द हरवला होता. ब्रिटिश बुटांमध्ये 'ग्रेड'च्या आधी येणारा सहा अक्षरी शब्द म्हटल्यावर 'कस्टम' डोळ्यांसमोर आला. आणि 'कस्टम ग्रेड' ही जोडी, वर शेवटी स्वल्पविराम-एस असलेलं नाव आणि खाली शहरांची यादी, हे सगळं मिळून एका इंग्लिश नावाकडे बोट दाखवतं, ते म्हणजे चर्चेस. नॉर्थॅम्प्टनमध्ये १८७३ मध्ये सुरू झालेला हा बुटांचा कारखाना. नॉर्थॅम्प्टन म्हणजे इंग्लंडचं चामडी बुटांचं गावच.

तरी मी ताईंना तेव्हा काही सांगितलं नाही. गादी ही वरून चिकटवलेली चकती असते, ती बदलता येते. शिवाय गादीवरचं नाव हे बनवणाऱ्याचंच असतं असंही नाही. कित्येक दुकानं कारखान्याकडून बूट बनवून घेऊन गादीवर स्वतःचं नाव घालतात. इंग्लंडमध्ये हे होत आलं आहे आणि आपल्याकडेही होतं.

याचं जवळचं उदाहरण पाहायचं तर कोल्हापुरी चप्पल घ्यावी. कुणी मला कोल्हापुरीचा फोटो पाठवून विचारतं, "ब्रँड कोणता?" आतल्या तळावर सोनेरी ठसा असतो, त्यावर दुकानाचं नाव आणि बहुधा गावाचं नाव. तो ठसा विकणाऱ्याचा आहे. चप्पल एखाद्या घरात बनलेली असते, तळ एकाने कापलेला, पट्टा दुसऱ्याने शिवलेला, आणि त्या हातांची सही कुठेच नसते. इथे ठसा वाचून प्रश्न सुटत नाही, बांधणी वाचावी लागते. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं, तळाच्या थरांना जोडणारी चामड्याचीच बारीक वादी, खिळा नाही. फोटोत तळाच्या कडेला ही वादीची शिवण दिसते का हे मी सोनेरी ठशाआधी पाहतो. ती नुसती शोभेची कोरलेली असेल किंवा तिथे नायलॉनचा दोरा चकाकत असेल, तर ठशावर काहीही लिहिलेलं असलं तरी ती चप्पल वेगळ्या जातीची. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. म्हणजे बेळगावकडे बनलेली चप्पलही हक्काने कोल्हापुरी आहे. ठशावर कोल्हापूर लिहिलेलं नसलं म्हणून ती खोटी ठरत नाही, आणि लिहिलेलं असलं म्हणून खरी ठरत नाही.

अलीकडच्या भारतीय कारखान्यातल्या सँडल आणि फॉर्मल बुटांवर मात्र एक सही अशी सापडते की जी फार कामाची आहे. आयएसआय खूण असेल तर तिच्याखाली सीएम/एल अशी अक्षरं आणि पुढे परवान्याचा आकडा असतो. बीआयएस केअर या सरकारी ॲपमध्ये तो आकडा टाकला की परवाना कुठल्या कारखान्याला दिला आहे ते नाव-पत्त्यासकट निघतं. गादीवर कुठलंही चमकदार नाव असो, बूट बनला कुठे हे त्या आकड्यावरून कळतं. म्हणून मी सांगतो, फोटो काढताना हा आकडा सोडू नका, आणि एक आकडा जरी अस्पष्ट असला तरी अंदाजाने भरू नका. एका आकड्याच्या फरकाने दुसऱ्याच कारखान्याचा पत्ता हातात येतो.

जुन्या परदेशी बुटाला असा परवाना नसतो. तिथे उपयोगी पडते ती तिसरी सही. ताईंना मी लिहिलं, "बुटाची जीभ बाहेर ओढा. आता आत हात घालून बाजूच्या अस्तराचा फोटो काढा, दोन्ही बुटांचा." अस्तरावर, घोट्याखाली, कारखान्यातला माणूस पेनाने किंवा बारीक छाप्याने आकडे घालतो. ते ग्राहकासाठी नसतात. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जोड जाताना त्याला कुठला तळ लावायचा, कुठल्या फर्म्यावर ताणायचा, हे पुढच्या कामगाराला कळावं म्हणून असतात. फर्मा म्हणजे ज्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पावलावर बूट घडवतात ते. मला या आकड्यांवर सगळ्यात जास्त विश्वास वाटतो, कारण ते कुणाला पटवण्यासाठी लिहिलेले नसतात.

फोटो आला. फिकट पडलेल्या निळ्या शाईत लिहिलं होतं, ८५ एफ ७३. त्याच्या पुढेही काही आकडे होते, पण घामाने फुटलेले.

८५ म्हणजे पंच्याऐंशी नव्हे, साडेआठ. इथे दशांश चिन्ह घालत नाहीत. ब्रिटिश साडेआठ माप. ताईंनी सांगितलं, बाबा आपल्याकडे कधी आठ तर कधी नऊ नंबर घालायचे, म्हणजे जुळलं. एफ ही रुंदी. चर्चेसच्या मोजणीत एफ मध्यम आणि जी त्याहून रुंद. आणि ७३ हा फर्म्याचा नंबर. चर्चेसच्या जुन्या बुटांचा हा ओळखीचा फर्मा. १९९९ मध्ये हा कारखाना इटलीच्या प्राडा कंपनीने घेतला, आणि त्यानंतरच्या बुटांवर ७३ ऐवजी १७३ हा फर्मा सर्रास दिसू लागतो. गादीवरच्या शहरांची यादीही पुढच्या काळात वाढत गेली. ताईंच्या जोडात तिसऱ्या ओळीची लांबी मध्यरेघेपासून मोजली तर तिथे तीनच शहरं मावत होती. म्हणजे गादी आणि अस्तर दोन्ही एकच सांगत होती. बूट चर्चेसचा आणि १९९९ च्या आधीचा.

मॉडेलचं नावही सांगावंसं वाटलं, पण तिथे मी एक पायरी मागे थांबलो. बुटाच्या पुढच्या भागावर पंखासारखी वळलेली पट्टी आणि त्यावर भोकांची नक्षी होती, नाडीची दोन्ही पानं खालून बंद होती. चर्चेसमध्ये या रूपाचे दोन प्रसिद्ध बूट आहेत, चेटविंड आणि बरवूड. फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. फरक तळाच्या जाडीत आहे. बरवूडचा तळ दुहेरी, चेटविंडचा एकेरी. ताईंना मी बुटाच्या कडेला पट्टी उभी धरून बाजूने फोटो काढायला लावला. पट्टीशिवाय फोटोत पाच मिलिमीटर आणि दहा मिलिमीटर यांत फरक कळत नाही, कॅमेरा जवळ नेला की सगळंच जाड दिसतं. पट्टीच्या आकड्यांवरून कड एकेरी तळाची निघाली. म्हणून चेटविंड, पण 'बहुधा' हा शब्द लावून. तळ मधल्या काळात कुणी बदलला असेल तर जाडीवरून काढलेला निष्कर्ष ढासळतो, आणि या जोडाची टाच तर बदललेली होतीच.

बदललेला तळ ओळखायचा कसा, हे विचारलं जातं. वेल्टच्या शिवणीकडे पाहावं. मूळ शिवणीत टाक्यांचं अंतर सारखं असतं आणि दोरा एकाच रंगाचा असतो. पुन्हा शिवताना सुई जुन्या भोकांत बसत नाही तेव्हा शेजारी नवी भोकं पडतात, आणि वेल्टवर रिकाम्या भोकांची रांग दिसते. ती दिसली की तळावरचा कुठलाही ठसा पुराव्यातून वगळायचा. ताईंच्या जोडात भोकं एकच होती, म्हणून तळ मूळचा धरायला हरकत नव्हती. त्याच्या कंबरेवर पावडर चोळल्यावर 'इंग्लंड' हा शब्द आणि त्याआधी 'इन' उमटले, तेही मागच्या सगळ्याशी जुळणारे.

नकली मालाचं काय, हेही सांगायला हवं. पितळेचा ठसा कुणीही करून घेऊ शकतो. म्हणून फोटो पाहून मी एवढंच लिहून देतो की बुटावर कुणाचं नाव आहे आणि बाकीच्या खुणा त्या नावाशी जुळतात की नाही. चामड्याची जात, आतली भरण, अस्तराखालचं टाचेचं कवच, हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही. नकली जोड बहुतेक वेळा तळ आणि गादीवर नेटका असतो, कारण गिऱ्हाईक तेवढंच पाहतं. अस्तरावर मात्र काही नसतं, किंवा सात नंबरच्या आणि नऊ नंबरच्या बुटांत एकच आकडा छापलेला सापडतो. खऱ्या कारखान्यात माप बदललं की तो आकडा बदलतोच.

मी ताईंना सगळं सविस्तर लिहिलं. टाचेवरच्या गुडइयरचा अर्थ, गादीवरचे तुकडे, ८५ एफ ७३. तळ बदलताना अस्तर धुवायचं नाही आणि गादी काढायची नाही, हेही. त्यांनी थोड्या वेळाने आणखी एक फोटो पाठवला. यावेळी बुटाचा नव्हता. बाबांची सीडीसी, म्हणजे खलाशाच्या नोकरीची नोंदवही उघडून धरलेली होती. एका पानावर बोटीचं नाव, शेजारी उतरल्याची तारीख ऑक्टोबर १९८४ आणि बंदर लिव्हरपूल. खाली त्यांनी लिहिलं होतं, "आई म्हणायची, त्या खेपेला बाबा घरी येताना स्वतःसाठी काहीतरी घेऊन आले होते, आयुष्यात एकदाच. काय ते आम्हाला माहीत नव्हतं."